खोली गुण्यात आहे का? फरशीआधीची सहा मापं

दोन बाय दोनची टाइल बसवायची असेल, तर बारा बाय दहाची खोली कागदावर फार सोपी दिसते. हे उदाहरण एका फ्लॅटमधल्या बेडरूमचं आहे. गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत लांबी ३६२० मिमी, रुंदी ३०२० मिमी. टाइल ६०० बाय ६०० ची, सांधा २ मिमीचा. लांबीत सहा टाइल्स आणि मधले पाच सांधे धरले की ३६१० होतात. उरलेले १० मिमी दोन्ही भिंतींपाशी पाच-पाच सोडायचे. रुंदीत पाच टाइल्स आणि चार सांधे मिळून ३००८, म्हणजे दोन्हीकडे सहा-सहा. भिंतीलगतची ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. एकूण तीस टाइल्स, सगळ्या अख्ख्या, दाराची चौकट सोडली तर कटरला हातही लावायला नको.

हा हिशेब खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे असं धरून केलेला आहे, आणि तीच गोष्ट अजून कोणी तपासलेली नसते. लांबी-रुंदी मोजून ती कळत नाही. भिंती दोन्ही बाजूंना तेवढ्याच लांबीच्या असूनही अख्खी खोली एका अंगाला कललेली असू शकते. म्हणून टेप आधी कर्णावर धरायचा.

कर्ण मोजताना टेपचं टोक थेट कोपऱ्यात खुपसू नये. कोपऱ्यात गिलावा गोलाईत आलेला असतो, खाली वाळलेल्या मालाचे गोळे असतात, आणि टेपचं हुक तिथे कुठे टेकलंय ते दिसत नाही. आम्ही प्रत्येक भिंतीपासून १०० मिमी आत, भिंतीच्या दोन्ही टोकांना, जमिनीवर खुणा करतो. कोपऱ्याची गोलाई टाळायला या खुणा कोपऱ्यापासून वीत-दीड वीत अलीकडे घ्यायच्या. त्या दोन खुणांवरून रंगाची दोरी ताणून फटका मारला की भिंतीला समांतर रेघ उमटते. चार भिंतींच्या चार रेघा एकमेकींना छेदतात ते चार बिंदू म्हणजे खोलीचे खरे कोपरे, फक्त १०० मिमी आत सरकलेले. पुढची सगळी मापं या बिंदूंमध्ये घ्यायची.

टेप पोलादी हवा. कापडी किंवा फायबरचा टेप ताणला की लांबतो, आणि आपण शोधतोय तो फरक काही मिलिमीटरचाच असतो. हुक थोडं सैल असतंच, म्हणून शून्याऐवजी १०० ची खूण बिंदूवर धरून वाचायचं आणि १०० वजा करायचे. दोन्ही कर्णांना टेपचं तेच टोक त्याच माणसाने धरलं तर वाचनात सारखेपणा येतो. जमीन मध्ये थोडी उंच असेल तर काळजी नको: पावणेपाच मीटरच्या कर्णाला मध्ये २० मिमीचा उंचवटा आला, तरी मापात पाव मिलिमीटरही वाढत नाही. वीट-डबर आडवं येऊन टेप हातभर बाजूला वळला, तर मात्र माप सरळच चुकतं. म्हणून आधी झाडून घ्यायचं.

या खोलीत कर्ण, आतल्या रेघांवरून खऱ्या कोपऱ्यांचा हिशेब करून, ४७३० आणि ४६९८ असे आले. फरक ३२ मिमी.

आता इथे बहुतेक जण म्हणतात, "बत्तीस मिलिमीटर म्हणजे सव्वा इंच, एवढी खोली वाकडी आहे." तसं नाही. कर्णातला फरक म्हणजे भिंतीचा कल नव्हे. कल काढायला फरकाला कर्णाच्या लांबीने गुणायचं आणि ज्या दिशेने भिंत सरकली त्या दिशेच्या मापाच्या दुपटीने भागायचं. इथे ३२ गुणिले ४७१४ भागिले ७२४०, म्हणजे जवळजवळ २१ मिमी. लांब भिंतीला टाइलची ओळ समांतर धरली, तर आखूड भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे तीन मीटरमध्ये, २१ मिमी सरकते. उलट आखूड भिंतीला समांतर धरलं तर लांब भिंत ३६२० मध्ये २५ मिमी सरकते. कोन तोच, लांबी जास्त म्हणून सरकणंही जास्त. चौरस खोलीत हा कल फरकाच्या साधारण सत्तर टक्के येतो. जागेवर गणित करायचं नसेल तर फरकाचा दोन तृतीयांश धरला तरी निर्णय चुकत नाही.

समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत हे इथे गृहीत धरलंय, आणि तेही मोजावं लागतं. नुसते कर्ण सारखे आले म्हणून खोली गुण्यात आहे असं ठरत नाही. एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला दोन्हीकडून सारखी रुंदावलेली खोली घ्या. तिचे कर्ण अगदी सारखे येतात आणि चारांपैकी एकही कोपरा काटकोनात नसतो. नुसत्या भिंती सारख्या असूनही चालत नाही, कारण आपल्या उदाहरणातली बेडरूम तशीच आहे. चारही भिंती आणि दोन कर्ण अशी सहा मापं लागतात. खरं तर पाच मापांत चौकोन पक्का होतो, सहावं माप आधीच्या पाचांत कुठे वाचनाची चूक झाली असेल तर ती पकडायला असतं. ते वाचवू नये.

एवढं करूनही भिंतीचं पोट कळत नाही. कर्ण फक्त चार कोपरे पाहतात. भिंत मधोमध १२ मिमी आत आली असेल तर सहाही मापं बिनचूक येतील आणि टाइल मध्येच अडेल. म्हणून भिंतीच्या दोन टोकांना सारख्या जाडीचे टाइलचे तुकडे उभे करून त्यांवरून दोरी ताणायची आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी दोरीपासून भिंतीचं अंतर पाहायचं. तुकड्याच्या जाडीपेक्षा कमी आलं तर पोट, जास्त आलं तर खोलगट.

तर मग २१ मिमीचा कल असलेल्या खोलीत तीस अख्ख्या टाइल्सचं काय होतं?

न तपासता काम सुरू करणारा मिस्त्री दाराकडच्या कोपऱ्यातून, लांब भिंतीला धरून निघतो. पहिल्या ओळीत सहा टाइल्स व्यवस्थित बसतात, दोन्हीकडे पाच मिमी फट. गुण्या धरून तो काटकोनातच पुढे जातो. दुसऱ्या ओळीपासून एका बाजूची फट चार-चार मिलिमीटरने वाढत जाते आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच कमी होते. दुसऱ्याच ओळीत टाइलचा मागचा कोपरा भिंतीत घुसायला लागतो, आणि मागच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत एका बाजूला २६ मिमीची फट आणि दुसऱ्या बाजूला टाइल १६ मिमी भिंतीच्या आत, असं होतं. घुसणाऱ्या बाजूच्या पाचही टाइल्स कापाव्या लागतात. कापायचं किती, तर शून्यापासून २१ मिमीपर्यंत, तिरकं. दुसऱ्या बाजूला तीन मीटर लांबीची आणि शून्यापासून सुरू होणारी पाचर भरायची असते. तेवढा बारीक टाइलचा तुकडा कापता येत नाही, म्हणून तिथे पांढरं सिमेंट जातं. पलंगाखाली, कपाटामागे अशी सिमेंटची पट्टी खूप घरांत सापडते.

गुण्या न धरता दोन्ही भिंतींना समांतर जाणारा मिस्त्रीही असतो. त्याचं आणखी बिघडतं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा चार मिमी सरकते आणि सांधा दोनच मिमीचा आहे. आडव्या सांध्यांच्या रेघा सरळ राहतात, उभ्या मात्र ओळीओळीला पायऱ्या पडत जातात. हे दारातून पहिल्याच नजरेत दिसतं आणि ग्राउटने झाकत नाही.

मग तडजोड म्हणून मांडणी मधोमध धरून पाहिली. चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते: एका भिंतीपाशी फट उणे ५ पासून अधिक १५ पर्यंत, समोरच्या भिंतीपाशी उलट. दोन्हीकडे पाच मिमी फट ठेवायची तर प्रत्येक बाजूच्या तीन टाइल्सना दहा मिलिमीटरपासून शून्यापर्यंत निमुळती कड काढावी लागते. हाताच्या कटरने एवढी बारीक पट्टी मोडत नाही. रेघ ओढून दाबलं की ती मध्येच तुटते किंवा टाइलच फुटते, कारण मोडायला दोन्ही बाजूंना धरायला अंग लागतं. मग ग्राइंडर येतो, आणि विट्रिफाइड टाइलच्या चकचकीत कडेवर टवके उडतात. विरुद्ध टोकाला १५ मिमीची फट राहते. भिंतीवर बसणारी स्कर्टिंगची टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून साधारण १२ मिमी झाकतात. तीन मिमीची काळी रेघ उघडी राहते. स्कर्टिंग गिलाव्यात बुडवून भिंतीशी सपाट घेतलेली असेल तर झाकायला काहीच नाही.

आमच्या मते या खोलीत सहा टाइल्सचा हट्ट सोडावा. पाच अख्ख्या मध्ये आणि दोन्ही भिंतींना सारखे तुकडे. पाच टाइल्स, त्यांचे चार सांधे ३००८ होतात. दोन्हीकडचे सांधे आणि पाच-पाच मिमीची फट वजा केली की ५९८ उरतात, म्हणजे दोन्हीकडे सरासरी २९९ चा तुकडा. कलामुळे डाव्या भिंतीचा तुकडा दारापाशी २८९ आणि मागे ३०९ होतो. उजवीकडे दारापाशी ३०९ आणि मागे २८९. पाच मिमीची पट्टी २६ झालेली कुणालाही दिसते. २८९ ची ३०९ झालेली मोजल्याशिवाय कळत नाही. चूक तेवढीच आहे, पण रुंद पट्टीत ती विरते, म्हणून आम्ही नेहमी निम्म्या टाइलच्या आसपासचा तुकडा शोधतो.

यात आणखी एक फायदा आहे, तो तुकडे कापायला बसल्यावर लक्षात येतो. डाव्या तुकड्याची आणि उजव्या तुकड्याची बेरीज प्रत्येक ओळीत ५९८ च येते, कारण दोन्ही भिंती एकमेकींना समांतर आहेत. एका टाइलवर एकच तिरकी रेघ ओढली की दोन्ही तुकडे निघतात. टाइलचा डावा भाग उजव्या भिंतीला जातो आणि उजवा भाग डाव्या भिंतीला. कंपनीची कड आतल्या सांध्याकडे राहते, कापलेली कड भिंतीकडे स्कर्टिंगखाली जाते, आणि नक्षीची दिशाही फिरत नाही. मधले दोन मिलिमीटर मोडण्यात जातात. हाताच्या कटरला ते पुरतात, ग्राइंडरच्या पात्याला कमी पडू शकतात, तेव्हा भिंतीकडची फट पाचऐवजी साडेपाच-सहा धरायची. हिशेब असा झाला: पंचवीस अख्ख्या आणि पाच टाइल्सचे दहा तुकडे. टाइल्स पुन्हा तीसच लागल्या. वाढलं ते काप आणि मजुरीचा वेळ.

आता याच मापाची पण दुसऱ्या तऱ्हेने वाकडी खोली घ्या. आखूड भिंती समांतर नाहीत: दाराकडची लांब बाजू ३६२०, मागची ३६३६, दोन्हीकडून सारखी रुंदावलेली. कर्ण दोन्ही ४७२०. कर्णावर विसंबलेला माणूस खोलीला गुण्यात आहे म्हणून पास करेल. मांडणी तीच, पाच अख्ख्या आणि दोन्हीकडे तुकडे. डावा तुकडा २९९ पासून ३०७ पर्यंत जातो आणि उजवाही तसाच. पहिल्याच ओळीच्या मागच्या कडेला बेरीज ६०० च्या वर जाते. शिवाय दोन्ही काप एकमेकांच्या उलट दिशेला कललेले आहेत, त्यामुळे एका रेघेत दोन्ही तुकडे निघूच शकत नाहीत. दहा तुकड्यांना दहा टाइल्स लागतात. तीसच्या पस्तीस झाल्या, आणि कारण काय तर एका बाजूचे १६ मिमी. या मापाच्या पेटीत सहसा चार टाइल्स येतात. तिसांना आठ पेट्या घेतल्या तर फुटतुटीला दोन हातात राहतात, पस्तिसांना नऊ पेट्या लागतात आणि हातात एकच राहते. मागाहून एखादी पेटी आणायला गेलं की त्याच बॅचचा रंग मिळेलच असं नसतं.

इथे एक सवलत मात्र सांगायला हवी. स्कर्टिंग त्याच टाइलचं करायचं असेल तर हे नुकसान बरंचसं भरून निघतं. खोलीचा परीघ सव्वातेरा मीटर, दार सोडून सुमारे साडेबारा मीटर स्कर्टिंग, म्हणजे ६०० च्या एकवीस पट्ट्या. उरलेल्या दहा अर्धुकांतून चार इंचांना किंचित कमी अशा तीन-तीन पट्ट्या निघतात, त्या पुरून उरतात. पहिल्या खोलीत अर्धुकं उरलीच नाहीत, तिथे स्कर्टिंगला वेगळ्या चार टाइल्स लागतील. म्हणजे स्कर्टिंग धरून हिशेब चौतीस विरुद्ध पस्तीस असा होतो. लाकडी किंवा तयार स्कर्टिंग असेल तर मात्र तीस विरुद्ध पस्तीस हाच हिशेब खरा. पेट्या मागवण्याआधी हे ठरवून घ्यायचं.

कलाची पाचर कुठल्या भिंतीला द्यायची हा निर्णय मिस्त्रीवर सोडू नये. पहिल्या खोलीत लांब भिंतीला समांतर गेल्यामुळे आखूड भिंतींना पाच-पाच तुकडे आले. उलट केलं असतं तर लांब भिंतींना सहा-सहा, आणि कलही २५. पण फक्त तुकडे मोजून चालत नाही. दारातून आत शिरताना नजर जिला लागते ती भिंत आणि उंबऱ्याची पट्टी, या दोन्हींना सांधे समांतर दिसायला हवेत. कपाट किंवा पलंगाची डोकी येणारी भिंत वाकडी चालते. हॉलमधून सांधे न तोडता बेडरूममध्ये न्यायचे असतील तर निवडीला जागाच राहत नाही, हॉलची रेघ हीच आधाररेघ होते आणि हॉलच्या तुलनेत बेडरूम जेवढी फिरलेली तेवढे काप वाढतात. उंबऱ्यात ग्रॅनाइटची पट्टी असेल तर सांधा तिथे तोडून प्रत्येक खोली आपल्या मापाने मांडावी, असं आमचं मत.

भिंत ठरली की जमिनीवर काटकोन काढायचा. गुण्या त्याला पुरत नाही. दोन फुटी गुण्याच्या टोकाला एक मिलिमीटर चुकला तर तीन मीटरवर तो पाच होतो. तीन-चार-पाचचा त्रिकोण घ्यायचा, आणि खोलीत मावेल तेवढा मोठा. ९००-१२००-१५०० च्या त्रिकोणात तिरक्या मापाला दोन मिलिमीटर चुकले तर तीन मीटरवर आठ मिमी फरक पडतो. १८००-२४००-३००० घेतला तर चारच पडतो. या खोलीत २४०० लांबीकडे आणि १८०० रुंदीकडे आरामात बसतात. रेघ ठरली की तिला समांतर रेघा मारून पंचवीस अख्ख्या टाइल्सचा आयत आखायचा आणि त्याचेही कर्ण मोजायचे. भिंतींचे कर्ण कितीही वेगळे असोत, आपण आखलेल्या आयताचे दोन मिलिमीटरच्या आत सारखेच यायला हवेत. भिंत वाकडी मिळाली, पण मांडणी वाकडी असायचं कारण नाही.

त्याआधी टाइल खरंच ६०० ची आहे का तेही बघायचं. काही टाइल्स ५९८ च्या येतात. पाच टाइल्स स्पेसरसकट कोरड्या ओळीत लावून एकत्र माप घेतलं की कळतं. तेच माप एका सरळ लाकडी पट्टीवर टाइल-सांधा, टाइल-सांधा असं उतरवून ठेवलं की पट्टी जमिनीवर सरकवत सगळे तुकडे आधीच वाचता येतात.

तुकडा कापताना प्रत्येक टाइलची दोन मापं घ्यायची, पुढच्या कडेला एक आणि मागच्या कडेला एक. एकाच मापावर पाच सारखे तुकडे कापून ठेवणारे कामगार बरेच असतात, कारण त्यात वेळ वाचतो. या खोलीत पहिला तुकडा २८९-२९३, दुसरा २९३-२९७, असे चढत जातात. सगळे २९९ चे कापले तर दारापाशी टाइल भिंतीत पाच मिमी अडते आणि मागे पंधरा मिमी उघडं पडतं. भिंतीलगतची पाच मिमीची फट सिमेंटने ठासून भरायची नाही. उन्हाने फरशी वाढली की तिला तेवढीच जागा असते. ती बंद केली की वर्षा-दोन वर्षांत मधल्या टाइल्स जोडीने फुगून उठू शकतात.

कर्णातला फरक किती चालवून घ्यायचा? बारा बाय दहाच्या खोलीत पाच मिमीपर्यंत आम्ही बघत नाही, फटीत आणि स्कर्टिंगखाली तो जातो. पाच ते पंधरा असेल तर मांडणी सरकवून भागतं. त्यापुढे दोन्हीकडे मोठे तुकडे घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. भिंतीला गिलावा व्हायचा असेल तर मात्र खोली सरळ करायची हीच वेळ. आतला गिलावा सहसा १२ मिमी असतो. जाडी ठरवणारे ठिपके मारतानाच खालच्या ठिपक्यांवरून कर्ण मोजले तर दहा-बारा मिलिमीटर एका टोकाला वाढवून आणि समोरच्या भिंतीला तसेच फिरवून निम्मा कल मारता येतो. जाड गिलावा एकाच थरात चढवला तर तडे जातात, दोन थर द्यावे लागतात.

काम सुरू झाल्यावर एक शेवटची तपासणी ठेवतो. पहिल्या नऊ टाइल्स, तीन बाय तीन, बसल्या की त्यांचे बाहेरचे कर्ण मोजायचे. बाजू १८०४, कर्ण २५५१. दोन्ही कर्णांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर माल ओला आहे तोवर त्या उचलून रेघेला परत लावायच्या. पुढच्या ओळीला गेल्यावर तो फरक दुरुस्त करायला सांध्याच्या दोन मिलिमीटरांत जागा नसते.